चिलीम, पाईप आणि चांदीवरचे एक अक्षर

आमच्या दिंद्रुडकडे जुन्या माणसांच्या घरात चिलीम सापडणे ही काही नवलाची गोष्ट नाही. कोनाड्यात, देवळीत, पेटीच्या तळाशी ती असते. पण पाईप, म्हणजे साहेब लोक ओढायचे तो वाकड्या दांडीचा पाईप, आपल्या खेड्यात कुठून येणार? तरीही येतो. गेल्या काही वर्षांत माझ्या पाहण्यात असे तीन आले. तिघांच्याही घरी सांगण्यासारखी गोष्ट होती, आणि प्रत्येक गोष्टीत वस्तूचे वय खऱ्याहून जास्त सांगितलेले होते. इतिहास हा माझा शिकवण्याचा विषय. तेव्हा या वस्तूंचे वय खरोखर कसे ओळखायचे, हे मी पुस्तकातून आणि हाताळून जमेल तसे समजून घेतले. तेच आज जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात आपल्या चिलमीपासून करू. तंबाखू आपल्या देशातली नाही. ती अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर आली आणि दख्खनेत लवकर रुजली. अकबराचा वकील असदबेग विजापूरच्या आदिलशाही दरबारात गेला होता. तिथून त्याने तंबाखू आणि ती ओढण्याचा जडावाचा हुक्का आग्र्याला नेऊन बादशहापुढे ठेवला. ही 1604-05 च्या सुमाराची गोष्ट. म्हणजे उत्तरेकडच्या दरबाराला ही सवय आपल्या दख्खनेने दाखवली. यातून वय ठरवण्याचा पहिला नियम मिळतो. धूर ओढायची मातीची नळी हाती आली, तर ती साधारण 1600 च्या आधीची मानता येत नाही. पांढरीच्या टेकाडातून सातवाहनकालीन खापरांबरोबर चिलीम निघाली, तर ती सातवाहनांची ठरत नाही. ती जागा मागाहून कुणीतरी उकरली आहे, किंवा उंदराच्या बिळातून ती वस्तू खाली गेली आहे, एवढेच त्यातून सिद्ध होते.

इथे एक सावधगिरी हवी. टेकाडावर सापडलेली प्रत्येक मातीची नळी चिलीम नसते. झारीची तुटलेली तोटी अगदी चिलमीसारखी दिसते. लोहाराच्या भात्याच्या तोंडाची नळीही तशीच असते. फरक असा, की चिलमीचा काळेपणा आतल्या बाजूला, रुंद तोंडाकडे असतो. भात्याच्या नळीला बाहेरून, टोकाला, काचेसारखी वितळलेली मळी चिकटलेली असते. झारीची तोटी आतून स्वच्छ असते आणि तिची एक कड भांड्यापासून तुटल्यामुळे ओबडधोबड असते. चिलमीतही दोन जाती आहेत. सरळ नरसाळ्यासारखी, आत खडा टाकून आणि खाली ओली साफी गुंडाळून हाताच्या मुठीत धरून ओढायची ती एक. दुसरी हुक्क्यावर बसवायची, वर बशीसारखी पसरट आणि खाली नळीत खोचायला निमुळती.

आपल्या चिलमीची अडचण अशी, की कुंभार तिच्यावर नाव घालत नाही. आजा ज्या घाटाची करायचा त्याच घाटाची नातू करतो. त्यामुळे नुसती चिलीम पाहून तिचे वय पन्नास वर्षे की दोनशे, हे सांगता येत नाही. ती कुठे, कोणत्या थरात, कोणत्या नाण्याबरोबर किंवा कोणत्या काचेच्या बांगडीबरोबर सापडली, त्यावरच ते ठरते. जी चिलीम शेतातून उचलून घरात आणून धुऊन ठेवली, तिचे वय तिथेच संपले म्हणायचे.

विलायती पाईपचे तसे नाही. तो स्वतःच बोलतो. त्याचा आकार बोलतो, दांडी बोलते आणि शिक्का तर फारच बोलतो.

आधी मातीचा विलायती पाईप घेऊ. पांढऱ्या चिकणमातीचा, एका टोकाला छोटी वाटी आणि तिथून निघालेली लांब बारीक दांडी. तो लोखंडी किंवा पितळी दुभागी साच्यात दाबून करत. दांडीतले भोक पाडायला मातीच्या वळकटीतून तेलाचा हात दिलेली तार घालत. साच्याचे दोन भाग जिथे जुळायचे, तिथे वाटीवर उभी शिवण राहते. ती घासून काढलेली असते, पण नखाला लागते.

वाटीच्या आकारावरून पहिला अंदाज येतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तंबाखू फार महाग होती, म्हणून तेव्हाची वाटी बोराएवढी, पोट सुटलेली आणि तोंडाशी आवळलेली. सतराव्या शतकात तंबाखू स्वस्त होत गेली, तशी वाटी मोठी झाली. त्या शतकात वाटीच्या कडेभोवती बारीक दातेरी रेघ ओढायची पद्धत होती, ती पुढे गेली. अठराव्या शतकात वाटी सरळ उभी, पातळ भिंतीची झाली आणि तिची कड दांडीला समांतर आली. वाटीच्या तळाशी आधी बसकी टाच असायची, म्हणजे पाईप मेजावर टेकून ठेवता यावा. पुढे पुष्कळ पाईपांत टाचेच्या जागी टोकदार काटा आला. एकोणिसाव्या शतकात तर वाटीवर पाने, चेहरे, जहाजाचे नांगर असली नक्षी सर्रास होऊ लागली.

वाटी नाजूक असते, ती फुटून जाते. सापडतात ते बहुधा दांडीचे खडूसारखे तुकडे. त्यांचाही उपयोग आहे. अमेरिकेतल्या जेम्सटाउन या इंग्रजांच्या जुन्या वसाहतीतले तुकडे पाहताना हॅरिंग्टन नावाच्या संशोधकाच्या लक्षात आले, की दांडी जितकी जुनी तितके तिचे भोक रुंद. हे त्याने 1954 साली मांडले. कारण साधे आहे. पुढे पुढे दांड्या लांब होत गेल्या, आणि लांब दांडीत भोक पाडायला तार बारीक लागते, नाहीतर माती फाटते. हे भोक इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. त्याला यंत्र लागत नाही, सुताराकडची त्या मापाची ड्रिलची पाती पुरतात. जे पाते ओढाताण न करता नीट बसते, ते त्या भोकाचे माप. 1600 च्या सुमारास हे माप नऊ असायचे, 1650 ते 1680 ला सात, 1710 ते 1750 ला पाच आणि त्यापुढे चार.

पुढे 1962 साली बिनफोर्ड या पुरातत्त्वज्ञाने यावरून एक गणित बसवले. सगळ्या तुकड्यांच्या मापांची सरासरी काढायची, तिला 38.26 ने गुणायचे आणि तो गुणाकार 1931.85 मधून वजा करायचा. एक उदाहरण करून पाहू. समजा वीस तुकडे आहेत. पाच तुकड्यांचे माप चार, बारा तुकड्यांचे पाच आणि तीन तुकड्यांचे सहा. बेरीज 20 अधिक 60 अधिक 18, म्हणजे 98. सरासरी 4.9. तिला 38.26 ने गुणले की 187.47 येतात. 1931.85 मधून ते वजा केले की 1744 उरतात. म्हणजे त्या ढिगाचा मध्य 1744 च्या आसपास.

सातवी-आठवीच्या मुलालाही जमेल असे हे गणित आहे, आणि म्हणूनच ते फसवतेही. एका तुकड्यावर ते चालत नाही, कारण एकाच कारखान्यात एकाच दिवशी दोन जाडीच्या तारा वापरात असू शकतात. ढिगात वेगवेगळ्या काळांचे तुकडे मिसळले असतील, तर येणारा मध्य कुणाचाच नसतो. 1780 च्या पुढे भोक बारीक होणे थांबले, तेव्हा त्यापुढच्या काळाला गणित लागू नाही. शिवाय ते इंग्रजी पाईपचे गणित आहे. डचांच्या गौडा गावचे पाईप फार सुबक, बारीक भोकाचे असत. त्यांना हे सूत्र लावले, तर ते असतील त्याहून अलीकडचे वाटतील. आपल्या वेंगुर्ल्याला सतराव्या शतकात डचांची वखार होती. तिथे कुणाला दांडीचा तुकडा सापडला, तर आधी गणित न करता टाचेवरचा शिक्का पाहावा. गौड्याच्या कारागिरांची खूण टाचेच्या बुडाला उठवलेली असते, आणि साधारण 1740 पासून टाचेच्या बाजूला त्या गावचे छोटे राजचिन्हही येते. ते चिन्ह असले, की पाईप त्याच्या आधीचा नाही.

आता आपल्या बीड जिल्ह्याकडे येऊ. इथे विलायती पाईप यायला जागा एकच, मोमिनाबाद. म्हणजे आजचे अंबाजोगाई. निजामाच्या राज्यात हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज होती. शिपाई इथले, अधिकारी इंग्रज, आणि खर्च निजामाचा. त्या खर्चापोटी 1853 च्या तहात वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला, हे आपण शाळेत शिकलो आहोत. त्या फौजेच्या घोडदळाची छावणी मोमिनाबादला असे. 1903 साली ही फौज मोडून तिच्या पलटणी हिंदुस्थानच्या सैन्यात मिसळल्या. घोडदळातल्या पहिल्या रेजिमेंटचे नाव विसावे डेक्कन हॉर्स झाले. तेव्हा आपल्याकडच्या बहुतेक घरगुती गोष्टी ‘छावणी उठली तेव्हा साहेबाने दिला’ अशा असतात, त्याला आधार आहे. पण हा सगळा काळ एकोणिसाव्या शतकाचा, म्हणून भोकाचे गणित इथे निरुपयोगी. इथे शिक्का वाचावा लागतो.

एकोणिसाव्या शतकातल्या मातीच्या पाईपवर दांडीच्या एका अंगाला कारखानदाराचे नाव आणि दुसऱ्या अंगाला गाव उठवलेले असते. ग्लासगोचा मॅकडूगल हा त्यातला मोठा कारखाना, तो 1846 ते 1967 चालला. नुसत्या त्या नावावरून एवढ्या लांब पट्ट्यात काहीच ठरत नाही. पण गावाच्या जागी ‘स्कॉटलंड’ असे देशाचे नाव असेल, तर पट्टा आवळता येतो. अमेरिकेने 1890 च्या जकात कायद्याने बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. कारखानदार एकाच साच्यातून सगळ्या जगाला माल पाठवत, त्यामुळे देशाचे नाव असलेला पाईप बहुधा 1891 नंतरचा. ‘मेड इन’ हे शब्द आणखी नंतरचे, पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे रूढ झालेले. उलट वाटीवर ‘टी डी’ ही दोन अक्षरे दिसली, तर हुरळून जाऊ नये. ती अक्षरे दीडशेहून अधिक वर्षे अनेक कारखान्यांनी वापरली. त्यावरून ना माणूस कळतो, ना साल.

लाकडी पाईपचे लाकूड म्हणजे ब्रायर. हे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या बुंध्याशी, जमिनीत धरणाऱ्या गाठीचे लाकूड. ते कठीण असते आणि सहसा जळत नाही. फ्रान्समधल्या सेंट क्लॉद गावी 1850 च्या दशकात त्याचे पाईप होऊ लागले आणि तिथून ते जगभर गेले. म्हणजे ब्रायरचा पाईप पेशवाईतला असूच शकत नाही. इथे वाटीच्या आकाराचा फारसा उपयोग होत नाही. मातीच्या पाईपचा आकार काळाबरोबर बदलत गेला, पण ब्रायरचे ठरलेले आठ-दहा घाट शंभर वर्षांनंतरही तसेच होतात. दांडीचा थोडा उपयोग होतो. जुन्या पाईपचे तोंडात धरायचे टोक शिंगाचे किंवा अंबराचे असते, आणि ते लाकडात बसवायला हाडाचा आट्यांचा स्क्रू असतो. नंतर व्हल्कनाइट, म्हणजे कडक केलेले काळे रबर आले आणि स्क्रू जाऊन नुसते दाबून बसवायचे टोक झाले. हे रबर उजेडाने हिरवट तपकिरी पडते आणि घासले की गंधकाचा वास येतो. मात्र टोके चावून झिजतात, ती बदलली जातात. टोक लाकडापेक्षा अलीकडचे असू शकते, हे विसरू नये.

सगळ्यात भरवशाची खूण चांदीच्या कड्यावर असते. लाकूड आणि टोक जिथे जुळते तिथे चांदीचे पातळ कडे असले, आणि ते इंग्लंडचे असले, तर त्यावर सरकारमान्य तपासणीचे शिक्के असतात. चालणारा सिंह म्हणजे चांदी खरी. नांगर म्हणजे ती बर्मिंगहॅमला तपासली, बिबट्याचे मुंडके म्हणजे लंडनला. आणि एक अक्षर म्हणजे साल. बर्मिंगहॅमला हे अक्षर दर जुलैत बदले. 1900 साली छोट्या ‘ए’ पासून नवी माळ सुरू झाली. ‘जे’ गाळून मोजत गेले, की प्रत्येक अक्षराचे साल मिळते.

आता जो पाईप मी नीट तपासला त्याबद्दल. माझा एक जुना विद्यार्थी तो घेऊन आला. त्याच्या घरची गोष्ट अशी, की पणजोबा मोमिनाबादला घोडदळात सवार होते आणि 1903 ला छावणी उठली तेव्हा साहेबाने जाताना स्वतःचा पाईप त्यांना दिला. मध्यंतरी शहरातला एक जुन्या वस्तूंचा व्यापारी घरी येऊन गेला होता. ‘सत्तावनच्या बंडातल्या साहेबाचा’ म्हणून हा विकू, तसे लिहून द्या, असे त्याने सुचवले होते. मुलाला पैशाची गरज होती. पण लिहून द्यायच्या आधी तो मला विचारायला आला, याचे मला बरे वाटले.

पाईप ब्रायरचा, सरळ दांडीचा. टोक व्हल्कनाइटचे, दाबून बसवायचे, तपकिरी पडलेले. लाकडावर पुसट शिक्का होता. तो वाचायला पाईप खिडकीशी आडवा धरून उजेड तिरपा घेतला, तेव्हा ‘मेड इन इंग्लंड’ एवढे लागले. कडे काळे पडले होते. घरचे लोक ते राखेने घासणार होते, मी थांबवले. या शिक्क्यांची खोली केसाएवढी असते, दोनदा घासले की अक्षर जाते. त्यावर नुसती तोंडाची वाफ सोडली आणि भिंगातून पाहिले. नांगर दिसला, सिंह दिसला आणि साध्या वळणाचा छोटा ‘पी’ दिसला.

‘ए’ म्हणजे 1900 धरून ‘जे’ गाळून मोजा. ‘आय’ला 1908, ‘के’ला 1909, आणि ‘पी’ला 1914 येते. म्हणजे जुलै 1914 ते जून 1915. पण थांबायला हवे, कारण आधीच्या माळेतही ‘पी’ आहे, तो 1889 चा. तो जुन्या गॉथिक वळणाचा, आणि 1890 पर्यंत इंग्लंडात चांदीवर कर असल्याने शेजारी राणीच्या मुखवट्याचा शिक्का असायचा. इथे वळण साधे आणि मुखवटा नाही. पुढच्या माळेतला ‘पी’ मोठ्या लिपीतला, तोही नाही.

आणखी एक शंका उरते. कडे चांदीचे साल सांगते, लाकडाचे नाही. तडकलेला पाईप सांधायला मागाहून कडे चढवतात. तसे असेल तर कडे लाकडाच्या वर उचललेले बसते आणि त्याखालून तडा डोकावतो. इथे कड्यासाठी लाकूड मुळातच कमी कातलेले होते, कडे लाकडाशी एका पातळीत होते आणि तडा कुठे नव्हता. शिवाय लाकडावरचे ‘मेड इन’ हे शब्दही त्याच काळाकडे बोट दाखवत होते. तेव्हा पाईप 1914-15 चा किंवा त्याच्या किंचित पुढचा. सत्तावनचा तर नाहीच, 1903 चाही नाही.

हे सांगायला मी त्याच्या घरी गेलो. त्याचे वडील माझ्यापेक्षा वयाने मोठे, बाजेवर पडून होते. त्यांनी ती गोष्ट आपल्या आजोबांच्या तोंडून लहानपणी ऐकलेली. मी सगळे सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मंग गुरुजी, आजा खोटं बोलला म्हणायचं का?”

मी म्हणालो, “नाही भाऊ. एवढंच म्हणायचं, की हा पाईप छावणी उठल्याच्या दिवशी नव्हता. साहेबानं दिला नाही, असं त्या चांदीवर लिहिलेलं नाही.”

आणि ते खरेच आहे. छावणी 1903 ला उठली, पण सवार काही त्या दिवशी घरी बसले नाहीत. पलटण गेली तिकडे तेही गेले. 1914 ला महायुद्ध लागले तेव्हा विसावे डेक्कन हॉर्स फ्रान्सला गेले आणि जुलै 1916 मध्ये सोमच्या लढाईत हाय वुड इथे घोड्यावरून चाल करून गेले. 1914-15 चा इंग्रजी पाईप त्या काळातल्या एखाद्या सवाराच्या हाती येणे 1903 पेक्षा कितीतरी सोपे. घरी छावणी उठल्याची एक आठवण आणि साहेबाच्या पाईपची दुसरी आठवण असेल, आणि दोन्ही सांगता सांगता एक झाल्या असतील. पण घरात पलटणीचा एकही कागद नाही. त्यामुळे ‘फ्रान्सहून आला’ असेही मी त्यांना लिहून दिले नाही. एका गोष्टीच्या जागी दुसरी तेवढीच बिनपुराव्याची गोष्ट बसवण्यात काय अर्थ?

मी एका कागदावर चारच ओळी लिहिल्या. ब्रायरचा पाईप, इंग्लंडात केलेला. चांदीचे कडे बर्मिंगहॅम, 1914-15. घरच्या आठवणीप्रमाणे पणजोबांना साहेबाकडून मिळालेला. छावणी उठतानाचा नव्हे. तो कागद वडिलांनी मुलाकडून दोनदा वाचून घेतला. व्यापाऱ्याला त्या कागदासकट पाईप नको होता. मुलाने पैशाची सोय दुसरीकडून केली, ती त्याला जड गेली हेही मला माहीत आहे. पाईप अजून त्यांच्याच घरी आहे, आणि कागद त्याच डबीत घडी करून ठेवलेला आहे.

वाचकांपैकी कुणाकडे असा पाईप असेल, तर कृपया तो घासू नका. कड्यावर एखादे अक्षर असू शकते.